वीस मिनिटांचा पाऊस, चोवीस तासांचा हिशेब

पाणंद रस्त्यावरची मोरी वाहून गेली की पंचनाम्यात कारण ठरलेलं असतं: ढगफुटी. हा शब्द लिहिला की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. ना ठेकेदाराला, ना मोजमाप पुस्तिकेवर सही करणाऱ्याला, ना पाइप किती व्यासाचे हे ठरवणाऱ्याला. आभाळच फाटलं तर माणूस काय करणार, असं म्हणून सगळे घरी जातात आणि शेतकरी आपल्या वावरात पडलेली घळ बघत उभा राहतो. हा शब्द म्हणजे बहुतेक वेळा सरळ सरळ खोटेपणा आहे, आणि तो आकड्यांनी उघडा पाडता येतो.

भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे साधारण वीस ते तीस चौरस किलोमीटर परिसरात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला, तर ती ढगफुटी. म्हणजे पूर्ण तास, त्या तासात शंभर मिलिमीटर, आणि तेही अख्ख्या परिसरात. आता नागपूरकडच्या उताराच्या मुलखातली एक साधी मोरी घ्या. तिच्यावर सगळ्यात मोठा लोंढा आणायला पूर्ण तासाचा पाऊस लागतच नाही. ताशी शंभर मिलिमीटरच्या वेगाने वीस मिनिटं पाऊस पडला, म्हणजे एकूण तेहतीस-चौतीस मिलिमीटर, तरी ती मोरी आपल्या आयुष्यातल्या खऱ्या परीक्षेला बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मंडळाच्या पर्जन्यमापकात ‘३८ मिमी’ अशी नोंद होते. महाराष्ट्रात अतिवृष्टी म्हणायला चोवीस तासांत ६५ मिलिमीटर लागतात. म्हणजे सरकारी कागदावर अतिवृष्टीसुद्धा नाही, आणि पंचनाम्यात ढगफुटी! दोन्ही कागद एकाच कपाटात असतात आणि ते शेजारी ठेवून बघायची तसदी कुणी घेत नाही.

मी ज्या मोरीबद्दल लिहितोय ती काटोलच्या बाजूची. नाव महत्त्वाचं नाही, कारण अशी मोरी प्रत्येक तालुक्यात आहे. पाणंद रस्ता नाल्याला आडवा जातो, नाल्यात ६०० मिलिमीटर व्यासाचे दोन ह्यूम पाइप, वर मुरूम, बाजूला दगडी भिंतीचे दोन तुकडे. तिसऱ्या पावसाळ्यात रस्त्याचा भराव गेला. पाइप जागेवर, सांधेही शाबूत, त्यांच्यावरची नि खालच्या अंगाची माती मात्र साफ. वरच्या बाजूच्या सोयाबीनमध्ये वीतभर गाळ, खालच्या बाजूच्या वावरात कमरेइतकी घळ. खाली ज्याचं शेत आहे तो शेतकरी मला म्हणाला, “पाणी पाइपातून नाही गेलं जी, रस्त्यावरून गेलं. पाइपाचं तोंड तर दिसतच नव्हतं.” त्या एका वाक्यात अख्खं निदान आहे. पाइपाच्या कडेने पाणी मुरून भराव पोखरला गेला असता तर वरची माती आधी खचली असती, भगदाड पडलं असतं. इथे पाणी रस्त्यावर चढलं, खालच्या कडेवरून पडलं, आणि पडता पडता त्या कडेपासून मागे मागे कापत आलं. पाणी रस्त्यावर चढतं ते पाइपात मावत नाही म्हणून. तेव्हा पहिला प्रश्न हा, की किती पाणी येणार हे कुणी मोजलं होतं का?

मोजलं होतं, आणि म्हणूनच माझा संताप जास्त आहे. पुष्कळ ठिकाणी हिशेब मुळातच नसतो. टाइप डिझाइन असतं, आधीच्या गावाचं अंदाजपत्रक असतं, त्यावर गावाचं नाव बदलतात. इथे मात्र एक पान जोडलेलं होतं. त्यावर रॅशनल सूत्र होतं, आकडे होते, खाली सही होती. उत्तर आलं होतं ०.३१ घनमीटर प्रति सेकंद. एका ६०० मिलिमीटर पाइपातून तेवढं पाणी आरामात जातं. म्हणून एक पाइप पुरेसा आणि दुसरा सुरक्षिततेसाठी, असा शेराही होता. ते पान तयार करणाऱ्या तरुण अभियंत्याला मी विचारलं, पावसाची तीव्रता कुठून आणली? तो प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, दहा वर्षांतून एकदा येणारा चोवीस तासांचा पाऊस घेतला, १४० मिलिमीटर. त्याला चोवीसने भागलं. आणखी किती मोठा पाऊस धरायचा?”

पाऊस त्याने मोठाच धरला होता. चूक पावसात नव्हती, भागाकारात होती. १४० भागिले २४ म्हणजे ताशी ५.८३ मिलिमीटर. ही रिमझिम झाली. या रिमझिमीत काटोलचा शेतकरी डोक्यावर घोंगडं घेऊन डवरणी करतो. ज्या आकड्यावर मोरी उभी करायची तो आकडा रिमझिमीचा निघाला, तरी साहाय्यक, शाखा अभियंता, तपासणारा, मंजूर करणारा, कुणाच्याही हाताला तो टोचला नाही. चार सह्या झाल्या. पोराला मी दोष देत नाही. त्याच्यावरच्या तीन सह्यांना देतो.

आता ते सूत्रच नीट उलगडून पाहू, कारण ते कुणाच्या मक्तेदारीचं नाही. ग्रामपंचायतीच्या सदस्यालाही ते कळतं आणि कळायला हवं.

Q = C × I × A ÷ ३६०

A म्हणजे मोरीच्या वरचं पाणलोट क्षेत्र, हेक्टरमध्ये. I म्हणजे पावसाची तीव्रता, मिलिमीटर प्रति तास. C म्हणजे पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून येतो तो गुणांक. ३६० हा आकडा आकाशातून पडलेला नाही. एका हेक्टरवर तासाला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे तासाला दहा घनमीटर पाणी, आणि तासाचे ३६०० सेकंद, म्हणून दहा भागिले ३६००. उत्तर मिळतं ते शिखर विसर्गाचं, म्हणजे लोंढा ऐन भरात असताना दर सेकंदाला किती घनमीटर पाणी मोरीच्या तोंडाशी येईल याचं.

सूत्र इतकं सोपं दिसतं की त्याच्या पोटातली एक अट लोक विसरतात. I हा कुठल्याही पावसाचा आकडा नाही. पाणलोटातल्या सगळ्यात लांबच्या टोकावर पडलेलं पाणी मोरीपर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढ्याच वेळाच्या पावसाची ती सरासरी तीव्रता असली पाहिजे. इंग्रजी पाठ्यपुस्तकं याला टाइम ऑफ कॉन्सन्ट्रेशन म्हणतात, मी पोहोचवेळ म्हणतो. या पद्धतीचा जीव इथेच आहे. १८५१ साली आयर्लंडमध्ये मुल्व्हनी यांनी हा विचार मांडला तेव्हा पोहोचवेळ त्याच्या गाभ्याशी होता. १८८९ साली कुइचलिंग यांनी अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराच्या गटारांसाठी तो वापरला तेव्हाही होता. शंभर-दीडशे वर्षांनी आमच्या अंदाजपत्रकांत सूत्र उरलं आणि पोहोचवेळ गायब झाला.

हीच अट का? कारण पाऊस पोहोचवेळेपेक्षा आधी थांबला तर वरच्या टोकाचं पाणी मोरीवर यायच्या आत खालच्या शेतांचं पाणी वाहून गेलेलं असतं, सगळं पाणलोट एकदम मोरीवर येत नाही. पाऊस त्याहून जास्त वेळ चालला तर सगळं पाणलोट योगदान देतं, पण लांबलेल्या पावसाची सरासरी तीव्रता कमी असते. दोन्हींच्या मध्ये जिथे सगळं पाणलोट वाहतंय आणि पाऊसही शक्य तितका जोरात आहे, तिथे शिखर. आमच्या नाल्यावर पडताळा घ्या. दहा मिनिटांचा पाऊस जास्त जोराचा असतो, ताशी ११४ मिलिमीटर, पण तेवढ्यात निम्मंच पाणलोट मोरीवर पोहोचतं, विसर्ग तीन घनमीटर. तासाभराच्या पावसात सगळं पाणलोट येतं, पण तीव्रता ७१ वर उतरते, विसर्ग ३.८. वीस मिनिटांच्या पावसाने मात्र साडेपाच घनमीटरच्या जवळ आकडा जातो. हे कसं, तेच आता मांडतो.

सगळ्यात लांबचा टोकाचा बांध ते मोरी, पाण्याच्या वाटेने अंतर ११०० मीटर. दोन टोकांच्या उंचीत फरक २० मीटर. म्हणजे सरासरी उतार दर मीटरला ०.०१८. किर्पिच यांनी १९४० साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या छोट्या ग्रामीण पाणलोटांवरून एक सूत्र दिलं: मिनिटांतला पोहोचवेळ म्हणजे ०.०१९५ गुणिले लांबीचा ०.७७ वा घात, भागिले उताराचा ०.३८५ वा घात. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये घाताचं बटण असतं. उत्तर येतं वीस मिनिटं. बैलबंडीला त्या टोकापासून मोरीवर यायला जेवढा वेळ लागेल तेवढाच, त्यामुळे हा आकडा डोळ्यांनाही पटतो. जिथे दर पन्नास पावलांवर धडधाकट बांध आहेत, पाणी अडून अडून येतं, तिथे खरा वेळ जास्त निघेल. या शिवारात मात्र बांध नांगराने खाल्लेले आहेत, तेव्हा वीस मिनिटं धरणं योग्य.

आता वीस मिनिटांच्या पावसाची तीव्रता. इथे लोक हात वर करतात: आमच्याकडे वीस मिनिटांच्या नोंदी कुठे आहेत? आहेत. देहरादूनच्या मृद-जलसंधारण संशोधन संस्थेच्या रामबाबू आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली देशभरातल्या स्वयंलेखी पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून केंद्रवार समीकरणं काढली. मृद-जलसंधारणाच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा तक्ता असतो, कृषी अभियांत्रिकीच्या मुलाने तो परीक्षेला पाठ केलेला असतो आणि नोकरीला लागल्यावर विसरलेला असतो. नागपूरचं समीकरण असं:

I = ११.४५ × T^०.१५६ ÷ (t + १.२५)^१.०३२४

T म्हणजे किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस. t तासांत घालायचा आणि उत्तर सेंटिमीटर प्रति तास येतं. हे दोन शब्द भिंतीवर लिहून ठेवावेत: तास आणि सेंटिमीटर. t च्या जागी वीस मिनिटं म्हणून २० टाकले तर उत्तर ताशी सात मिलिमीटर येतं, खऱ्याच्या पंधराव्या हिश्शाहून थोडं अधिक, आणि संगणक काहीही कुरकुर करत नाही. दहा वर्षांचा T आणि एक तृतीयांश तासाचा t घातला की मिळतात १०.२ सेंटिमीटर, म्हणजे ताशी १०२ मिलिमीटर. याच समीकरणात चोवीस तास घाला, एकूण पाऊस १४० मिलिमीटरच निघतो. म्हणजे त्या पोराचा १४० चा आकडा शंभर टक्के बरोबर होता! एकाच समीकरणाची दोन टोकं: चोवीस तासांची सरासरी सुमारे ५.८ आणि वीस मिनिटांची १०२. सतरा पटींचा फरक. या सतरा पटीत दर पावसाळ्यात आमच्या मोऱ्या वाहून जातात.

“आमच्याकडे पाऊसच कमी, एवढ्या मोठ्या मोऱ्या कोकणात लागतात,” हे वाक्य तर मी बैठकांमध्ये ऐकून ऐकून थकलोय. त्याच तक्त्यातले महाबळेश्वरचे स्थिरांक घालून पाहा. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वीस मिनिटांच्या पावसाची तीव्रता तिथे ताशी ८० मिलिमीटरच्या आसपास येते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, नागपूरला हजार-अकराशे. तरी वीस मिनिटांच्या झडीत नागपूरचा आकडा वरचढ. घाटमाथ्यावर पाऊस दिवसेंदिवस एका लयीत पडतो, विदर्भात तो वळवाचा आणि गडगडाटी, थोडक्यात उरकणारा. वार्षिक पावसाचा आकडा मोरीच्या कामाचा नाही. तो टेबलावरून उचलून बाजूला ठेवा.

क्षेत्राकडे वळू. कागदावर पाणलोट २९ हेक्टर होतं. पन्नास हजारच्या टोपोशीटवर एवढं क्षेत्र जेमतेम सव्वा चौरस सेंटिमीटर भरतं, आणि समोच्च रेषा वीस-वीस मीटरवर असतात. म्हणजे या अख्ख्या पाणलोटात फार तर एखाद-दुसरी रेषा. त्यावरून पाणी कुठे वळतं ते ठरवणं हा अंदाजपंचे कारभार आहे. आम्ही धो धो पावसात, छत्री आणि जीपीएस घेऊन, धडी चढून पाणदुभाजकावरून चाललो. वरच्या अंगाला झालेल्या डांबरी रस्त्याने कडेला चर खणला होता आणि शेजारच्या नाल्याचं सात हेक्टरचं पाणी तो चर आमच्या नाल्यात ओतत होता. टोपोशीट छापली तेव्हा तो रस्ता नव्हता. तेव्हा क्षेत्र ३६ हेक्टर, जवळपास नव्वद एकर. पाणलोट नकाशावर आखायचं आणि पावसात चालून पक्कं करायचं. उन्हाळ्यात चालून ते कळत नाही, वाहतं पाणीच खरी हद्द दाखवतं.

उरला C. पाठ्यपुस्तकातला तक्ता सांगतो: लागवडीखालची जमीन, उतार पाच टक्क्यांच्या आत, माती घट्ट चिकणमातीची, तर ०.६०. आमच्या २६ हेक्टर काळ्या जमिनीला तो घेतला. उरलेल्या दहा हेक्टरवर चराऊ गवत, उतार पाच ते दहा टक्के, तिथे ०.३६. क्षेत्राच्या प्रमाणात सरासरी ०.५३. यावर एक शेतकरी हटकून म्हणतो, “काळी जमीन तर पाणी पिते.” जूनमध्ये पिते, हे खरं. उन्हाळ्याच्या भेगा हातभर खोल असतात आणि पहिले दोन-तीन पाऊस त्या गिळून टाकतात. ऑगस्टमध्ये तीच जमीन फुगून भेगा मिटवते आणि मग तिच्यासारखी पाणी न मुरवणारी जमीन नाही. ऑगस्टमधली मोरी जूनच्या जमिनीवर हिशेबायची नसते. आठवडाभराच्या झडीनंतर हा गुणांक ०.७० च्या दिशेने सरकतो, म्हणून ०.६० हा आकडा उदार नाही, तो किमान आहे.

आता गुणाकार. ०.६० गुणिले २६ अधिक ०.३६ गुणिले १०, म्हणजे १९.२. गुणिले १०२, भागिले ३६०. उत्तर ५.४४ घनमीटर प्रति सेकंद. त्या सही झालेल्या पानावर होते ०.३१. गंमत बघा, असं मी म्हणणार नाही, कारण यात कुणाचं तरी पीक आणि माती गेली आहे.

दोन ६०० मिलिमीटर पाइप किती वाहून नेतात? नाल्याच्या तळापासून १.२ मीटर पाणी तुंबलेलं धरा, म्हणजे पाइपाच्या दुप्पट उंची. तोंड बुडालेल्या पाइपातून जाणारा विसर्ग हा तोंडाचं क्षेत्रफळ, पाण्याची उंची आणि ०.६ चा गुणांक यावरून काढता येतो. एका पाइपातून ०.७, दोघांतून १.४ घनमीटर. तेही तोंड स्वच्छ असताना. पऱ्हाट्या आणि काटेरी फांद्या अडकल्या की यातलंही निम्मं राहतं. म्हणजे प्रत्येक सेकंदाला चार घनमीटर पाणी रस्त्यावरून जाणार, आणि रस्ता मुरमाचा. तो टिकला असता तर नवल होतं.

यावर मला विचारण्यात आलं की तुमचे ५.४४ तरी खरे कशावरून, तेही कागदावरचंच सूत्र. हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर नाल्यात लिहिलेलं होतं. मोरीच्या वर साठ मीटरवर, तुंबलेल्या पाण्याच्या टप्प्याबाहेर, नाला सरळ आहे. तिथे बाभळीच्या खोडांना अडकलेला काडीकचरा एका पातळीत दिसत होता. तळाची रुंदी अडीच मीटर, पुराची खोली एक मीटर, काठ साधारण एकास एक उताराचे. ओलं क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटर. तळाचा उतार शंभरात एक, काठावर झुडपं म्हणून मॅनिंगचा खरबरीतपणाचा गुणांक ०.०४५. वेग येतो सेकंदाला १.७ मीटरच्या आसपास आणि विसर्ग ५.९ घनमीटर. सूत्राचा आकडा आणि नाल्याचा आकडा शेजारी ठेवले तर फरक दहा टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणजे त्या दिवशी आलेला पूर दहा-पंधरा वर्षांतून एकदा येतो त्या तोडीचा होता. कुणाच्या कल्पनेपलीकडचा नव्हता. ढगफुटी लिहिणाऱ्याने साठ मीटर चालत जाऊन टेप धरला असता तर त्याला तो शब्द लिहिता आला नसता.

अंदाजपत्रक तपासताना वरिष्ठ मंडळी एका मुद्द्यावर फार वाद घालतात: पाऊस दहा वर्षांचा धरायचा की पंचवीस? चर्चा गंभीर वाटते, म्हणून ती रंगते. पण समीकरणात T चा घात पाहा, ०.१५६. दहाचे पंचवीस केले तर तीव्रता १०२ वरून ११८ होते आणि विसर्ग ५.४४ वरून ६.३. वाढ पंधरा टक्के. हा वाद निरर्थक नाही. दहा वर्षांच्या पावसावर बांधलेली मोरी दहा वर्षांत एकदा तरी अपुरी पडण्याची शक्यता ६५ टक्के असते, आणि पक्क्या बांधकामाला मी पंचवीसच धरायला सांगेन. पण पंधरा टक्क्यांवर तासभर बोलणाऱ्यांनी सतरा पटींवर एक मिनिट घालवू नये, हे मला मान्य नाही.

दुसरी एक जात आहे, ती रॅशनल पद्धत न वापरता इंग्लिसचं सूत्र लावते. क्लॉड इंग्लिस हे मोठे अभियंते, खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राचे पहिले संचालक. त्यांचं सूत्र मुंबई इलाख्यातल्या, विशेषतः घाटातून पंख्यासारख्या पाणलोटातून उतरणाऱ्या नद्यांसाठी. त्यात पाऊस नाही, उतार नाही, माती नाही, फक्त क्षेत्र आहे. आमच्या ३६ हेक्टरला ते लावलं तर १३.६ घनमीटर येतात. तेवढ्याची मोरी पाणंदीवर कुणी बांधणार नाही, मग तो आकडा ‘व्यवहार्य’ करायचा म्हणून मनाने खाली ओढतात, आणि एकदा मनाने ओढायला सुरुवात केली की हात दोन पाइपांवर जाऊन थांबतो. नदीचं सूत्र नाल्याला लावू नये, तसंच नाल्याचं नदीला. रॅशनल पद्धत मी शंभर-दोनशे हेक्टरच्या पुढे हातात धरत नाही. त्यापलीकडे पाऊस सगळीकडे सारखा पडतो हे गृहीतकच टिकत नाही आणि शेततळी, नालाबांध वाटेत पाणी साठवू लागतात. शिवाय तक्ता १९७९ चा आहे, त्यामागच्या नोंदी त्याहून जुन्या. म्हणून त्यातून आलेला आकडा मी कमीत कमी समजतो, त्यात कपात कधीच करत नाही.

मग त्या जागी काय हवं होतं? १२०० मिलिमीटरचे दोन पाइप, दीड मीटर पाणी तुंबलं तर दोघांतून ५.७ घनमीटर जातं. पाइपावर साठ सेंटिमीटर भराव धरला तर रस्ता नाल्याच्या तळापासून दोन मीटर उंच होतो, आणि तेवढी उंची तिथे काठांना आहे. हे महाग वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे आणि पाणंदीसाठी मला तोच जास्त आवडतो: दोन ६०० चे पाइप रोजच्या पाण्यासाठी ठेवा, पण रस्ता मधोमध खोलगट करून आठ मीटर लांबीची काँक्रीटची फरशी घाला. चार घनमीटर पाणी त्या फरशीवरून साधारण ४५ सेंटिमीटर खोलीने जाईल. अर्धा-पाऊण तास बंडी थांबेल, मग पाणी ओसरेल. खालच्या कडेला तळात उतरलेली काँक्रीटची भिंत आणि दगडांची पिचिंग मात्र हवीच, नाहीतर फरशीही त्याच रीतीने मागून कापली जाईल.

ही दोन्ही उत्तरं मी लेखी दिली, हिशेबासकट, एका पानात. गेल्या महिन्यात दुरुस्तीचं अंदाजपत्रक मंजूर झालं. कारण: ढगफुटीमुळे नुकसान. उपाय: ६०० मिलिमीटर व्यासाचे पाइप, दोनच्या जागी तीन. तिसऱ्या पाइपाने क्षमता १.४ वरून २.१ घनमीटरवर जाईल, आणि हिशेबाच्या पानावर अजूनही ०.३१ च लिहिलेले आहेत. काम सुरू व्हायचं आहे, पाइप अजून आलेले नाहीत. गावाने ग्रामसभेत दोन प्रश्न लेखी विचारले आहेत: या नाल्याचा पोहोचवेळ किती मिनिटं धरला, आणि तेवढ्या मिनिटांच्या पावसाची तीव्रता किती? त्यांचं लेखी उत्तर मिळेपर्यंत जागेचा ताबा देणार नाही, असा ठराव झाला आहे, आणि त्यांना हिशेब समजावून सांगायला मी जातो आहे.